दृश्य आणि निवेदन : माहितीपटातील शब्दाच्या जबाबदारीचा इतिहास

माहितीपटाच्या निवेदनाची संहिता हा मराठी समीक्षेने जवळजवळ अस्पर्श ठेवलेला लेखनप्रकार आहे. नाटकाची संहिता रंगभूमीपासून सोडवून वाचता येते. पटकथा पुस्तकरूपाने छापली जाते. निवेदनाची संहिता मात्र चित्रावाचून अपुरी असते आणि चित्राबरोबर ऐकली जाताच विरून जाते. ती वाङ्मयात मोडते की तांत्रिक कामात, हा प्रश्नही त्यामुळे फारसा कोणी विचारला नाही. हा लेखनप्रकार दुय्यम समजला गेल्यामुळे त्याचा एक दोष परंपरा म्हणून रूढ झाला. जे डोळ्यांना दिसते तेच कानांना सांगायचे, हा तो दोष. त्याचा उगम कोठे झाला, त्याआधी आपल्याकडे दृश्य आणि शब्द यांचे नाते कसे होते आणि विदर्भाच्या कापूसपट्ट्यात या प्रश्नाने कोणते गंभीर रूप घेतले, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून नागपुरातील एक साधे दृश्य कल्पावे. पूर्वीच्या एम्प्रेस मिलच्या परिसरात आज व्यापारसंकुल उभे आहे. कॅमेरा स्थिर आहे. काचेची दारे उघडतात, मिटतात; पिशव्या घेतलेली माणसे आत-बाहेर करतात. दृश्याची लांबी बारा सेकंद आहे. संथ लयीच्या मराठी निवेदनात सेकंदाला साधारणतः दोन शब्द बसतात. म्हणजे पूर्ण भरले तर चोवीस आणि दृश्याला श्वास घेऊ द्यायचा तर पंधरा-सोळा शब्द लेखकाच्या हाती आहेत. या पंधरा शब्दांचे काय करायचे?

रूढ पद्धतीचा लेखक लिहील : ‘नागपूरच्या या भव्य व्यापारसंकुलात ग्राहकांची सतत वर्दळ असते.’ या वाक्यातील वर्दळ प्रेक्षकाला दिसतेच आहे. संकुलही दिसते आहे. ‘भव्य’ हे विशेषण तेवढे नवे. पण इमारत भव्य आहे की नाही हे ठरविण्यास प्रेक्षकाचे डोळे समर्थ आहेत. वाक्य खोटे नाही, अनावश्यक आहे. आणि येथील अनावश्यकता निरुपद्रवी नसते. कान जेव्हा डोळ्यांचेच सांगणे पुन्हा ऐकतो, तेव्हा प्रेक्षक हळूहळू पाहणे सोडून देतो. पुढे एखादी महत्त्वाची गोष्ट केवळ चित्रातून सांगितली गेली तर ती त्याच्या नजरेतून निसटते.

त्याच दृश्यावर दुसरे निवेदन असे असू शकेल : ‘१ जानेवारी १८७७. दिल्लीत व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी झाली. त्याच दिवशी येथे जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली. नाव सम्राज्ञीचे, कापूस विदर्भाचा.’ शब्द वीस आहेत आणि त्यांपैकी एकही चित्रात नाही. काचेच्या दारांमागे आता सव्वाशेहून अधिक वर्षांचा काळ उभा राहतो. जी माणसे पिशव्या घेऊन बाहेर पडत होती तीच पडत आहेत. पण त्यांच्या पिशव्यांतील कापड कोठून आले असेल, हा प्रश्न आता प्रेक्षक स्वतःला विचारतो. निवेदनाने त्याला उत्तर दिले नाही. पाहण्याचे कारण दिले.

तिसरे निवेदन : ‘पाळीचा भोंगा वाजला की आसपासच्या वस्त्या जाग्या होत. आता येथे येण्याची ठरावीक वेळ उरलेली नाही.’ येथे शब्दाने अनुपस्थितीची जाणीव करून दिली. चित्राची ही मूलभूत मर्यादा आहे : जे नाही ते त्याला दाखविता येत नाही. रिकामी जागा दाखविता येते; परंतु ती कोणाच्या जाण्याने रिकामी झाली हे शब्दच सांगू शकतो. गेलेला काळ, नसलेली माणसे, दोन दूरच्या गोष्टींमधील संबंध आणि घटनेचे कारण या चार गोष्टी चित्राच्या आवाक्याबाहेर राहतात. निवेदनाचे खरे क्षेत्र तेच.

चौथा प्रकारही नोंदविला पाहिजे, कारण पहिल्या दोषातून सुटू पाहणारा लेखक हटकून त्यात सापडतो : ‘श्रमिकांच्या अश्रूंवर उभे राहिलेले हे काचेचे निर्दय साम्राज्य...’ हे वाक्य चित्राची पुनरुक्ती करीत नाही हे खरे. पण ते चित्रावर कुरघोडी करते. दारातून बाहेर पडणारी, हातात लहान मूल धरलेली एखादी स्त्री या वाक्याला दृश्यातच खोटे पाडते. निष्कर्ष प्रेक्षकाच्या आधी निवेदकाने काढला की प्रेक्षकाला करण्यासारखे काही उरत नाही. पहिल्या प्रकारात निवेदक डोळ्यांचा अपमान करतो आणि चौथ्यात बुद्धीचा.

चित्र दाखवीत कथा सांगणे महाराष्ट्राला नवे नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने ही परंपरा आजवर जपली असून तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा संच. रामायण-महाभारतातील एका आख्यानाची चित्रे क्रमाने लावलेली असतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो, वाद्यांच्या साथीने गातो, बोलतो आणि चित्र बदलतो.

या चित्रांकडे समीक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. पुष्कळ चित्रांत दोन किंवा अधिक आकृती समोरासमोर उभ्या असतात. चेहरे एका बाजूने रेखाटलेले, डोळे मोठे, हात बोलण्याच्या किंवा शस्त्र उगारण्याच्या आविर्भावात. चित्रापुरते पाहिले तर दोघे एकमेकांशी काहीतरी बोलत आहेत, एवढेच कळते. काय बोलत आहेत, आधी काय घडले, आता काय घडणार, हे चित्रात नसते. ते कथेकऱ्याच्या मुखात असते. ‘हा राम, हा रावण’ एवढेच सांगून तो थांबला असता तर ही कला एका पिढीतच संपली असती. तो दोघांचे संवाद म्हणतो, म्हणजे स्थिर चित्राला काळ देतो. चित्र वाद दाखविते आणि शब्द तो वाद घडवितो. श्रोता चित्राकडे पुन्हा पुन्हा पाहतो, कारण प्रत्येक संवादानंतर त्याच आकृतीचा तोच हात त्याला वेगळ्या अर्थाचा भासतो.

या परंपरेत शब्द आणि चित्र यांच्या कामाची वाटणी इतकी स्पष्ट होती, तर आधुनिक माहितीपटात ती का पुसली गेली? याचे कारण लेखकांच्या अंगच्या आळसात शोधण्यापेक्षा संस्थेच्या कार्यपद्धतीत शोधणे अधिक योग्य ठरेल.

१९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. तिचे वृत्तपट आणि अनुबोधपट देशभरच्या चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी दाखविणे बंधनकारक होते. २०२२ मध्ये या संस्थेचे कार्य राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपविले गेले. पण त्याआधीच्या कित्येक पिढ्यांच्या कानात ‘माहितीपटाचा आवाज’ म्हणून जो आवाज बसला तो या संस्थेचा. एकच चित्रपट डझनाहून अधिक भाषांत निघावयाचा असे. अशा स्थितीत पडद्यावरचा माणूस स्वतःच्या तोंडाने बोलू लागला की प्रत्येक भाषेसाठी अडचण उभी राहते. त्यापेक्षा चित्रे मूकच घ्यावीत आणि त्यांवर एक निवेदन ठेवावे, म्हणजे केवळ निवेदनाची ध्वनिपट्टी बदलली की दुसऱ्या भाषेतला चित्रपट तयार, ही सोय होती. या सोयीचा वाङ्मयीन परिणाम मोठा झाला. चित्रातील माणसे गप्प झाली आणि सर्व बोलण्याचा भार एका अदृश्य, सर्वज्ञ आवाजावर आला. तो आवाज थांबला की पडद्यावर काहीच बोलले जात नसे. म्हणून तो थांबेना. धरण दिसले की ‘हे धरण’, शेतकरी दिसला की ‘हा शेतकरी’, अशी रिकाम्या जागा भरण्याची रीत पडली.

मराठी प्रेक्षकाच्या वाट्याला यात आणखी एक अडचण आली. दुसऱ्या भाषेत रचलेल्या वाक्याचे मराठीकरण ठरावीक सेकंदांत बसवायचे असते. इंग्रजी वाक्यात क्रियापद कर्त्याला लागून येते. वाक्याचा कणा पहिल्या दोन-तीन शब्दांत हाती लागतो आणि तपशील मागून येतो. मराठी लिखित गद्यात क्रियापद शेवटी येते, विशेषणे आणि विशेषणवाक्ये नामाच्या आधी साचतात आणि वाक्याचा मुख्य अर्थ शेवटच्या शब्दाशी उलगडतो. पुस्तकात याने काही बिघडत नाही, कारण पान वाचकासाठी थांबते. पडद्यावरचे चित्र थांबत नाही. वाक्याचा अर्थ पूर्ण होईपर्यंत दृश्य बदललेले असते आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा शब्द भलत्याच चित्रावर पडतो.

उदाहरणार्थ, कपाशीची वेचणी चालू आहे असे सहा सेकंदांचे दृश्य घ्यावे. ‘सकाळपासून उन्हात वाकून कापूस वेचणाऱ्या या मजूर स्त्रियांना त्यांच्या कामाची मजुरी ही तासांवर नव्हे तर वेचलेल्या कापसाच्या वजनावर मिळते’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु त्याचा पूर्वार्ध दिसणाऱ्या गोष्टींत खर्च झाला आणि ‘वजनावर’ हा एकमेव अदृश्य, म्हणून एकमेव आवश्यक, शब्द उच्चारला जाईपर्यंत सहा सेकंद केव्हाच उलटून गेले. हेच असे लिहिता येते : ‘मजुरी किलोवर. जेवढा कापूस, तेवढे पैसे.’ सहा शब्द, तीन सेकंद आणि उरलेले तीन सेकंद प्रेक्षकासाठी मोकळे. आता तो वेचणाऱ्या हातांचा वेग पाहतो. तो वेग मघाशीही पडद्यावर होता, पण दिसला नव्हता. येथे ध्यानात घेण्यासारखे असे की, असा आधीच मुद्द्यावर येणारा, क्रियापद गाळणारा किंवा पुढे आणणारा शब्दक्रम मराठीला परका नाही. ‘आला राजा, बसला सिंहासनी’ अशा धर्तीची रचना कथेकऱ्याच्या आणि कीर्तनकाराच्या तोंडी स्वाभाविकपणे येते. निवेदनाच्या लेखकाने आपले व्याकरण पुस्तकाऐवजी कथेकऱ्याकडून घ्यायला हवे होते. अनुवादाच्या कारखान्यात त्याला ती उसंत मिळाली नाही.

फिल्म्स डिव्हिजनमध्येच या रीतीविरुद्ध बंड झाले, हेही नोंदविणे न्यायाचे ठरेल. १९६७ साली एस. सुखदेव यांनी ‘इंडिया ’६७’ मध्ये निवेदन पूर्णपणे वगळले. त्याच वर्षी एस. एन. एस. शास्त्री यांनी ‘आय ॲम ट्वेंटी’ मध्ये स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या तरुणांना स्वतःच बोलू दिले. निवेदनाच्या अतिरेकावर निवेदनाचा त्याग हे उत्तर त्या काळी मुक्तिदायक होते. पण ते पूर्ण उत्तर नव्हते. पडद्यावरचा माणूस स्वतःच्या दुःखाविषयी सांगू शकतो. त्या दुःखाचा दूरच्या शहराशी, बाजाराशी किंवा धोरणाशी असलेला संबंध त्याला दिसेलच असे नाही. तो संबंध कोणीतरी सांगावा लागतो. निवेदन असावे की नसावे, हा प्रश्नच मग चुकीचा ठरतो. त्याने काय करावे, हा खरा प्रश्न होय.

फ्रान्समध्ये ख्रिस मार्कर यांनी १९५७ च्या ‘लेटर फ्रॉम सायबेरिया’ मध्ये हा प्रश्न प्रयोगाने तपासला. याकुत्स्क शहरातील रस्त्याचे एकच दृश्य, म्हणजे एक बस, रस्त्यावर काम करणारे मजूर आणि कॅमेऱ्याकडे पाहत जाणारा एक माणूस, त्यांनी लागोपाठ तीनदा दाखविले. पहिल्या वेळी निवेदन सोव्हिएत व्यवस्थेची स्तुती करते, दुसऱ्या वेळी निंदा करते, तिसऱ्या वेळी तटस्थ राहू पाहते. तिन्ही वेळा प्रेक्षकाला वेगळा रस्ता दिसतो. समीक्षक आंद्रे बाझँ यांनी १९५८ साली या चित्रपटाविषयी लिहिताना असे दाखवून दिले की, येथे संकलन एका चित्राकडून दुसऱ्या चित्राकडे जात नाही. ते कानाकडून डोळ्याकडे जाते. या प्रयोगाचा अधिक महत्त्वाचा धडा तिसऱ्या निवेदनात आहे. तटस्थ वाक्येही तटस्थ ठरत नाहीत. तीही रस्त्याचे काहीतरी लपवितात. त्यामुळे ‘केवळ वर्णन’ करणारे निवेदन निदान प्रामाणिक तरी असते, हा बचाव उरत नाही.

विदर्भात हा प्रश्न सिद्धान्तापुरता राहिला नाही. कापूसपट्ट्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या देशाच्या चर्चेत आल्या तेव्हा येथे येणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्यापुढे तीच चित्रे होती : शेत, घर, भिंतीवरील हार घातलेले छायाचित्र, त्याखाली बसलेली स्त्री. ही चित्रे इतकी सारखी होती की विसावे पाहताना डोळे बधिर होत. त्यांवर ‘घरातील कर्ता पुरुष गेल्याने कुटुंब उघड्यावर पडले आहे’ असे निवेदन ठेवणे म्हणजे त्या बधिरतेत भर घालणे. स्त्रीच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलेच होते.

दीपा भाटिया यांच्या २००९ सालच्या ‘नीरोज गेस्ट्स’ या माहितीपटाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. पत्रकार पी. साईनाथ यांच्या विदर्भातील भ्रमंतीचा आणि भाषणांचा हा चित्रपट. निवेदनाचे कार्य येथे बहुतांशी त्यांच्या बोलण्याने होते. अदृश्य सर्वज्ञ आवाजाच्या जागी एक देहधारी माणूस आहे. तो प्रवासात दिसतो, चिडताना दिसतो, श्रोत्यांपुढे उभा दिसतो. त्यामुळे त्याचे म्हणणे पटले नाही तर ते नाकारण्याची मुभा प्रेक्षकाला राहते. अकोला जिल्ह्यातील एका शेतकरी कवीच्या, ज्याने पुढे स्वतःच जीवन संपविले, कविताही त्यात येतात. म्हणजे मृताचा शब्दही चित्राला जोडला जातो.

शीर्षकाचा दृष्टान्त रोमचा आहे. इ. स. ६४ मधील आगीनंतर नीरोने बंद्यांना जाळून आपल्या उद्यानात रात्री उजेड केला, असे टॅसिटसने लिहून ठेवले आहे. साईनाथांचा प्रश्न नीरोविषयी नाही. त्या उजेडात मेजवानी झोडणारे पाहुणे कोण होते, हा त्यांचा प्रश्न आहे. विदर्भातल्या कोणत्याही शेताच्या चित्रात रोम नाही, उद्यान नाही, पाहुणेही नाहीत. शब्दाने ते आणून ठेवले आणि प्रेक्षकाला जागा दाखवून दिली : तो स्वतः त्या पाहुण्यांत बसलेला आहे. घरातील शोकाच्या चित्रात आजवर प्रेक्षक बाहेर होता. या एका दृष्टान्ताने तो चित्राच्या आत आला.

साईनाथांनी आपल्या लेखनातून आणि भाषणांतून वारंवार मांडलेला दुसरा संबंधही याच जातीचा आहे. मुंबईतील २००६ च्या एका फॅशन सप्ताहाचे वृत्तांकन करण्यास ५१२ अधिकृत पत्रकार उपस्थित होते. तेथे सुती वस्त्रांचे प्रदर्शन चालू होते आणि तो कापूस पिकविणारे नागपूरपर्यंतच्या तासाभराच्या विमानप्रवासाच्या अंतरावर आत्महत्या करीत होते. यातील प्रत्येक तपशील स्वतंत्रपणे चित्रित करता येतो. वस्त्र दाखविता येते, शेत दाखविता येते. ‘तासाभराचे अंतर’ मात्र दाखविता येत नाही. आणि आरोप नेमका त्या अंतरात आहे. येथे एकही विशेषण नाही, ‘क्रूर’ नाही, ‘निर्दय’ नाही. एक संख्या आहे आणि एक अंतर. चौथ्या प्रकारच्या निवेदनाहून हे वेगळे का ठरते ते यावरून कळते. ते तथ्य देते आणि निष्कर्षाच्या उंबऱ्यावर थांबते.

तरीही एक शंका उरते आणि नागपूरच्या वाचकाला ती टाळता येणार नाही. या चित्रपटात अर्थ लावणारा शब्द मुख्यतः इंग्रजी आहे आणि दुःख भोगणारा शब्द मराठी. विधवा स्त्री आपल्या बोलीत सांगते, ते उपशीर्षकांत उतरते. संबंध जोडण्याचे काम दुसऱ्या भाषेत होते. हा त्या चित्रपटाचा दोष म्हणता येणार नाही, कारण त्याला ज्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे होते त्यांची भाषा इंग्रजीच होती. मात्र कामाची ही वाटणी आपल्यासाठी कायमची होऊन बसली तर मराठीकडे केवळ साक्ष उरेल, विश्लेषण उरणार नाही. फिल्म्स डिव्हिजनच्या काळात मराठी निवेदन अनुवाद म्हणून आले. आता ते केवळ उद्धृत म्हणून येईल.

निवेदन लिहिणाऱ्यासाठी या इतिहासातून एक कसोटी निघते आणि ती वापरण्यास सोपी आहे. चित्र बंद करून केवळ निवेदन ऐकावे. चित्रपट पूर्ण समजला तर निवेदनाने चित्राचे काम बळकावले आहे. मग आवाज बंद करून केवळ चित्र पाहावे. काहीच कमी वाटले नाही तर निवेदन फुकट गेले आहे. दोन्ही वेळा काहीतरी अपुरे राहिले आणि एकत्र येताच ते पुरे झाले, तर संहिता साधली. पिंगुळीच्या कथेकऱ्याची पोथी त्याच्यावाचून मुकी असते आणि त्याचे गाणे पोथीवाचून आंधळे. एम्प्रेस मिलच्या जागेवरची ती काचेची दारे बारा सेकंद उघडतील आणि मिटतील. कापूस कोठला होता हे त्यांना ठाऊक नाही. ते सांगण्यास लेखकापाशी पंधरा शब्द आहेत.